निद्रानाशावर उतारा : अंथरुणातला वेळ कमी करा

रात्री दहाला दिवा मालवला. गोळी घेतलेली होती, त्यामुळे वीस-पंचवीस मिनिटांत डोळा लागला. जाग आली तेव्हा घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. मग या कुशीवरून त्या कुशीवर. तीन वाजले, चार वाजले. साडेचारच्या सुमाराला पुन्हा पेंग आली, पण ती झोप अशी की बाहेरचा प्रत्येक आवाज ऐकू येतोय असं वाटावं. सातला उठल्यावर डोकं जड. संध्याकाळी कामावरून आल्यावर अर्धा-पाऊण तास आडवं व्हायचं, आणि रात्री पुन्हा दहाला दिवा मालवायचा, कारण कालची झोप भरून काढायची असते.

बावन्न वर्षांच्या, कार्यालयात हिशेबाचं काम करणाऱ्या एका बाईंची ही चार वर्षांची दिनचर्या आहे असं समजा. बाई रचलेल्या आहेत, पण अशी नोंदवही घेऊन येणारी माणसं या उपचाराच्या क्षेत्रात रोज भेटतात. झोप का लागत नाही, गोळी का पुरत नाही आणि औषधाशिवायचा उपचार नेमकं काय करतो, हे बाईंच्या आकड्यांवरूनच बघू.

आधी एक खुलासा. परीक्षेच्या आधी, घरात आजारपण असताना किंवा वाद झाल्यावर दोन-चार रात्री झोप उडणं हा आजार नव्हे. आठवड्यात किमान तीन रात्री, किमान तीन महिने, झोपायला पुरेसा वेळ आणि निवांत जागा असूनही झोप लागत नाही किंवा टिकत नाही, आणि त्याचा दिवसाच्या कामावर परिणाम होतो, तेव्हा डॉक्टर त्याला जुनाट निद्रानाश म्हणतात. यातली शेवटची अट महत्त्वाची आहे. सहा तास झोपून दिवसभर ताजातवाना राहणाऱ्या माणसाला आजार नाही, त्याला तेवढी झोप पुरते.

बाईंचं जागरण सुरू झालं ते वडिलांच्या आजारपणात. रात्री-अपरात्री उठावं लागे. वडील गेले, वर्ष लोटलं, दुःख ओसरलं, पण दोन वाजताची जाग तशीच राहिली. हे कोडं सोडवायला आर्थर स्पीलमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८७ साली मांडलेली उकल आजही उपयोगी पडते. त्यांच्या मते निद्रानाशात तीन गोष्टी असतात. काही माणसांची झोप मुळात सावध असते. मग एखादं निमित्त घडतं आणि झोप मोडते. आणि तिसरी गोष्ट म्हणजे मोडलेली झोप सावरायला माणूस जे करतो ते. लवकर आडवं होणं, सकाळी लोळत राहणं, दुपारी-संध्याकाळी डुलकी काढणं, कार्यक्रम टाळणं. निमित्त निघून जातं, पण सावरासावर चालू राहते आणि पुढे तीच जागरण टिकवते. म्हणून ‘कशामुळे सुरू झालं?’ हा प्रश्न कितीही उकरला तरी चार वर्षांनी त्यातून फारसं हाती लागत नाही. ‘आता कशामुळे चालू आहे?’ हे विचारावं लागतं.

लवकर आडवं झाल्याने झोप बिघडते हे ऐकायला उलटं वाटतं. पण झोपेचं गणित पाहिलं तर त्यात नवल नाही. जागेपणी मेंदूत अडेनोसीन नावाचं रसायन साठत जातं आणि ते जितकं साठेल तितकी झोपेची भूक वाढते. झोपलं की ते ओसरतं. (चहा-कॉफीतलं कॅफीन या अडेनोसीनची जागा अडवतं. निम्मं कॅफीन शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात, म्हणून संध्याकाळी पाचच्या कपातलं निम्मं कॅफीन रात्री दहाला अंगात असतं.) या भुकेच्या जोडीला शरीराचं घड्याळ असतं. ते चोवीस तासांच्या फेऱ्यात कधी जागं ठेवायचं, कधी सैल सोडायचं ते ठरवतं, आणि त्याची वेळ मुख्यतः सकाळच्या उजेडाने आणि उठण्याच्या वेळेने लागते.

आता बाईंकडे बघा. सातला उठतात आणि दहाला आडव्या होतात. मधे संध्याकाळची डुलकी झोपेची थोडी भूक खाऊन टाकते. रात्रीपर्यंत जी भूक उरते ती पाच-सव्वापाच तासांच्या झोपेपुरती. पण अंथरुणात त्या नऊ तास असतात. सव्वापाच तासांची झोप नऊ तासांवर पसरली की ती पातळ होणार, जागोजागी विरणार आणि मधे भोकं पडणार. दोन ते साडेचारचं जागरण हे त्यातलं सर्वांत मोठं भोक.

दुसरी गोष्ट अंथरुणाची. चार वर्षं रोज तीन-चार तास त्या जागी तळमळून काढल्यावर मेंदू शिकतो की उशी म्हणजे जागं राहण्याची, काळजी करण्याची जागा. म्हणूनच अशी माणसं बाहेर खुर्चीवर पेंगतात आणि अंथरुणाला पाठ टेकताच टक्क जागी होतात. ‘तिकडे मान टाकत होते, इकडे आले आणि झोप उडाली’ हे वाक्य ज्याच्या तोंडून निघतं, त्याला औषधाशिवायच्या उपचाराचा चांगला उपयोग होईल असा माझा अंदाज असतो.

गोळी काय करते, काय करत नाही

बाई झोल्पिडेम ५ मिलिग्रॅम घेतात. झोपिक्लोन हे त्याच जातकुळीतलं औषध. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम, नायट्राझेपाम ही बेन्झोडायझेपिन गटातली. नावं वेगळी असली तरी या सगळ्यांचं काम एकाच जागी चालतं. मेंदूत गाबा नावाचं, चेतापेशींना शांत करणारं रसायन असतं आणि ही औषधं त्याचा परिणाम वाढवतात. त्यामुळे मेंदूची जाग दबते. गोळीचं काम तिथेच संपतं. झोपेची भूक वाढवणं किंवा शरीराचं घड्याळ जागेवर आणणं तिला जमत नाही, आणि अंथरुणाची भीतीही ती पुसत नाही. म्हणजे जागरण ज्या गोष्टींवर तगून आहे त्या जशाच्या तशा राहतात.

तेवढ्यापुरता फायदा होतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण तो किती? अमेरिकेच्या औषध प्रशासनाकडे सादर झालेल्या चाचण्या एकत्र करून २०१२ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. झोल्पिडेमच्या जातीच्या औषधांनी, औषध नसलेल्या, दिसायला तशाच गोळीच्या तुलनेत, झोप लागायचा वेळ प्रयोगशाळेतल्या मोजमापात सरासरी २२ मिनिटांनी कमी केला होता. बाईंची अडचण मुळात तिथे नव्हतीच. झोल्पिडेमचा निम्मा अंश साधारण अडीच तासांत शरीरातून निघून जातो, म्हणून दहाला घेतलेली गोळी दोन वाजता जवळपास हतबल झालेली असते. क्लोनाझेपामसारखं रेंगाळणारं औषध घेतलं तर दोन वाजता ते अंगात असेल, पण दुसऱ्या दिवशी दुपारीही असेल, कारण त्याला निम्मं व्हायला तीस-चाळीस तास लागतात. सकाळचं जड डोकं आणि विसराळूपणा बऱ्याचदा झोप कमी पडल्यामुळे आलेला नसतो, तो आदल्या रात्रीच्या गोळीचा असतो. २०१३ साली अमेरिकेत स्त्रियांसाठी झोल्पिडेमची शिफारस केलेली मात्रा १० वरून ५ मिलिग्रॅमवर आणली गेली ती याच कारणाने. स्त्रियांच्या शरीरातून ते सावकाश बाहेर पडतं आणि सकाळी गाडी चालवताना धोका होण्याइतकं रक्तात उरलेलं आढळत होतं. २०१९ साली याच जातीच्या औषधांवर आणखी कडक इशारा आला, कारण काही माणसं झोपेतच उठून चालत होती, गाडीही चालवत होती आणि सकाळी त्यांना त्यातलं काही आठवत नव्हतं. साठी ओलांडलेल्यांसाठी रात्री लघवीला उठताना तोल जाऊन पडणं आणि हाड मोडणं हा जास्त नेहमीचा धोका.

पण जुन्या गोळीचा सगळ्यांत फसवा गुण वेगळाच आहे. काही आठवड्यांत शरीर तिला सरावतं. मग एखाद्या रात्री ती घेतली नाही की दबलेली जाग उसळून वर येते आणि ती रात्र गोळी सुरू करण्याआधीच्या रात्रींपेक्षाही वाईट जाते. याला उलट उसळी म्हणू. ती औषध सोडल्याची प्रतिक्रिया असते आणि झोल्पिडेमसारख्या औषधात बहुधा काही रात्रींत ओसरते. पण दुसऱ्या रात्रीपर्यंत धीर धरणारा माणूस विरळा. बाईंनीही चार वर्षांत तीनदा गोळी थांबवून पाहिली, तिन्ही वेळा एकाच रात्रीत हात टेकले आणि दर वेळी निष्कर्ष एकच काढला की गोळीशिवाय मला झोप लागतच नाही. हा पुरावा त्यांना इतका पक्का वाटतो की डॉक्टरांच्या शब्दाचं वजन त्यापुढे पडत नाही.

या गोळ्या वाईटच, असं कुणी वाचू नये. अचानक आलेल्या मोठ्या दुःखात, थोड्या दिवसांसाठी, त्यांना जागा आहे. युरोपातल्या मार्गदर्शक सूचना ही मर्यादा चार आठवड्यांपर्यंत सांगतात. चार वर्षांसाठी ही औषधं बनलेली नाहीत, इतकंच.

अंथरूण कधी गाठायचं

औषधाशिवायच्या उपचाराला बोधात्मक वर्तन उपचार म्हणतात. डॉक्टरांच्या बोलण्यात तो सीबीटी असतो आणि निद्रानाशासाठी बेतलेला तो सीबीटी-आय. अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ साली स्पष्ट सांगितलं की जुनाट निद्रानाश असलेल्या प्रौढांना आधी हा उपचार द्यावा, गोळीचा विचार नंतर. साधारण सहा ते आठ भेटी लागतात. ‘उपचार’ म्हटल्यावर लोकांना सोफ्यावर बसून बालपणाच्या गप्पा डोळ्यासमोर येतात. प्रत्यक्षात पहिली भेट हिशेबनीसाकडे गेल्यासारखी असते.

सुरुवात नोंदवहीने होते. दोन आठवडे रोज सकाळी लिहायचं : दिवा किती वाजता मालवला, अंदाजे किती वेळाने डोळा लागला, मधे किती जागरण झालं, शेवटची जाग कधी आली, अंथरुणातून बाहेर कधी पडलो. रात्री घड्याळ बघून लिहायचं नाही, सकाळी अंदाजानेच लिहायचं. घड्याळ तर भिंतीकडे तोंड करून ठेवायचं, कारण ‘आता फक्त तीन तास उरले’ ही वजाबाकी झोप उडवायला पुरेशी असते.

बाईंच्या दोन आठवड्यांची सरासरी अशी निघाली : अंथरुणात नऊ तास, म्हणजे ५४० मिनिटं, आणि झोप सव्वापाच तास, म्हणजे ३१५ मिनिटं. ३१५ भागिले ५४० म्हणजे ५८ टक्के. उरलेली २२५ मिनिटं, पावणेचार तास, रोज तळमळण्यात. चांगल्या झोपेत हा टक्का ८५ किंवा त्याहून वर असतो.

पुढची पायरी ऐकून बहुतेकांना धक्का बसतो. अंथरुणातला वेळ झोपेइतकाच करायचा. झोप सव्वापाच तास होते ना, मग अंथरुणातही साधारण तेवढाच वेळ. बाईंना साडेपाच तास ठरवून दिले. उठायची वेळ आधी पक्की केली, सकाळी सहा, सुट्टीच्या दिवशीही सहा. तिथून मागे मोजलं तर दिवा मालवायची वेळ येते रात्री साडेबारा. संध्याकाळचं आडवं होणं बंद. कितीही कमी झोप होत असली तरी ही वेळ पाच तासांच्या खाली नेत नाहीत.

‘मला झोप लागत नाही म्हणून मी आले, आणि तुम्ही मला साडेबारापर्यंत जागं राहायला सांगताय?’ हे बाई म्हणाल्या नाहीत तरच नवल. पण यामागचं कारण तेच भुकेचं आहे. उशिरा झोपून लवकर उठलं की झोपेची भूक साठते, आणि चार-पाच दिवसांत ती इतकी होते की डोळा लागायला गोळीची वाट बघत नाही. पसरलेली झोप गोळा होऊन घट्ट होते. कमी वेळेत ती सलग यायला लागली की मग वेळ हळूहळू वाढवायचा.

पहिल्या आठवड्यात बाईंना सर्वांत जड गेलं ते साडेदहा ते साडेबारा. टीव्हीसमोर बसलं की मान पडायची. खुर्चीतली ती वीस मिनिटांची डुलकी रात्रीची मेहनत वाया घालवते, म्हणून उभ्याने करायची कामं या वेळेसाठी राखून ठेवली : कपड्यांच्या घड्या, कपाट आवरणं, उद्याची तयारी. नवऱ्याला सांगून ठेवलं की पेंगताना दिसले तर हाक मारा. दिवसा चिडचिड वाढली, हिशेबात दोनदा चूक झाली, डोकं दुखलं. हे सगळं अपेक्षित असतं आणि आधी सांगितलेलं नसेल तर माणूस चौथ्या दिवशी उपचार सोडतो. या काळात बाईंना गाडी चालवायला मनाई होती. त्यांच्या बाबतीत कारण दुहेरी होतं : एक तर झोप कापलेली होती, आणि दुसरं गोळीचं. झोल्पिडेम घेतल्यावर सात-आठ तास अंथरुणात मिळायला हवेत, आणि इथे जेमतेम साडेपाच होते. म्हणून गोळी अंगात असेपर्यंत सकाळची गाडी बंदच, हे डॉक्टरांनी पहिल्या दिवशी ठरवून टाकलं.

पहिल्या आठवड्याची सरासरी झोप २७५ मिनिटं निघाली, म्हणजे आधीपेक्षा चाळीस मिनिटं कमी. पण अंथरुणात ३३० मिनिटंच असल्याने टक्का ५८ वरून ८३ वर गेला. नियम असा : टक्का ८५ किंवा वर असेल तर पुढच्या आठवड्यात पंधरा मिनिटं वाढवायची, ८० ते ८५ मध्ये असेल तर आहे तेच ठेवायचं, ८० च्या खाली गेला तर पंधरा मिनिटं कापायची. म्हणून दुसऱ्या आठवड्यातही वेळ साडेबाराचीच. त्या आठवड्यात झोप ३०० मिनिटं, टक्का ९१. दिवा सव्वाबाराला. तिसऱ्यात ३१० मिनिटं, टक्का ९०, दिवा बाराला. चौथ्यात ३२० मिनिटं, ८९ टक्के, दिवा पावणेबाराला. चौथ्या आठवड्याच्या शेवटी बाईंची झोप आधीपेक्षा फक्त पाच मिनिटांनी जास्त होती, पण अंथरुणातलं एकूण जागरण पावणेचार तासांवरून चाळीस मिनिटांवर आलं होतं आणि दोन वाजताची जाग आली तरी दहा मिनिटांत पुन्हा डोळा लागत होता.

हा आकडा नीट बघण्यासारखा आहे. सीबीटी-आयच्या वीस चाचण्या एकत्र करणारा एक अभ्यास २०१५ साली आला होता. त्यातही झोप लागायचा वेळ सरासरी १९ मिनिटांनी आणि मधलं जागरण २६ मिनिटांनी कमी झालेलं दिसलं, पण एकूण झोप वाढली ती आठ मिनिटांहूनही कमी. झोपेचे तास वाढवून मिळतील या आशेने जो येतो तो इथे निराश होतो. या उपचाराने मुख्यतः जागरण जातं, आणि निद्रानाशाचा खरा जाच जागरणाचाच असतो.

यासोबत दुसरा नियम चालू असतो तो अंथरुणाचा. रिचर्ड बूट्झिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये मांडलेला हा उपाय साधा आहे आणि भर मध्यरात्री करायला फार कठीण. झोप आली असेल तेव्हाच अंथरुणात जायचं, आणि आडवं झाल्यावर अंदाजे पंधरा-वीस मिनिटांत डोळा लागला नाही, किंवा तळमळ सुरू झाली, तर उठून दुसऱ्या खोलीत जायचं. मंद उजेडात काहीतरी सौम्य करत बसायचं आणि पापण्या जड झाल्या की परत यायचं. एका रात्रीत चार वेळा उठावं लागलं तरी चार वेळा. अंथरुणात वाचन नाही, मोबाईल नाही, भांडण नाही. काही आठवड्यांत मेंदू जुनी जोडी विसरतो आणि उशीशी पुन्हा झोपच जोडली जाते. जागा नसलेल्या घरात दुसरी खोली कुठून आणायची? मग त्याच खोलीत खुर्चीवर बसायचं. अंथरुणाबाहेर असणं महत्त्वाचं.

राहिला विचारांचा भाग, ज्यावरून या उपचाराला ‘बोधात्मक’ म्हणतात. बाईंच्या डोक्यात दोन वाजता एकच वाक्य फिरायचं : ‘आता झोप नाही लागली तर उद्या हिशेबात घोळ होणार.’ ‘तसं काही होणार नाही हो’ अशी समजूत घालून अशा वाक्याचा जोर कमी होत नाही, त्याची परीक्षा घ्यावी लागते. दोन आठवडे त्यांनी वहीत दोन रकाने ठेवले. सकाळी उठल्यावर लिहायचं की आज दहापैकी किती वाईट दिवस जाईल, आणि संध्याकाळी लिहायचं की प्रत्यक्षात किती गेला. सकाळचे अंदाज बहुतेक आठ-नऊचे होते, संध्याकाळचे आकडे चार ते सहाच्या घरात. दोन दिवस तर चांगल्या झोपेनंतरही वाईट गेले, एकदा वरिष्ठांशी वाद झाला म्हणून आणि एकदा सर्दीमुळे. वाईट रात्रीनंतरचा दिवस जड जातो हे खरं, पण त्या मानत होत्या तितका तो कोसळत नाही. हे स्वतःच्याच अक्षरात वाचल्यावर दोन वाजताच्या त्या वाक्याची धार बोथट होते.

आणखी एक गोष्ट बाईंना नवी होती. हलक्या झोपेत मेंदू अर्धवट सावध असतो, आणि सकाळी तो वेळ ‘जागाच होतो’ म्हणून मोजला जातो. झोपेच्या प्रयोगशाळेत रात्रभर तारा लावून मोजल्यावर निद्रानाशाची बरीच माणसं स्वतःच्या अंदाजापेक्षा जास्त झोपलेली दिसतात. हे सांगताना जपून बोलावं लागतं, कारण ‘तुम्ही झोपता, तुम्हाला कळत नाही’ असं ऐकलं की माणसाला वाटतं आपल्याला खोटं ठरवताहेत. त्याचा त्रास खरा असतो, फक्त मोजमाप चुकत असतं.

‘झोपण्याआधी मोबाईल बघू नका, कॉफी पिऊ नका, खोलीत अंधार ठेवा’ ही यादी मी मुद्दाम एवढा वेळ बाजूला ठेवली. या सवयी चांगल्याच आहेत आणि मद्याने झोप लागते पण उत्तररात्री तुटते हे माहीत असलेलं बरं. पण जुनाट निद्रानाशावर एकटी ही यादी उपाय म्हणून पुरत नाही, आणि अमेरिकेच्या निद्रावैद्यक संघटनेने २०२१ च्या सूचनांत तिचा एकटीचा वापर करू नये असंच म्हटलं आहे. चार वर्षं जागरण करणाऱ्या माणसाला ही यादी पाठ असते. त्याच्या हातात तीच पुन्हा दिली की त्याला वाटतं, उपचार करून झाले आणि उपयोग झाला नाही.

गोळी उतरवणं

पाचव्या आठवड्यात डॉक्टरांनी गोळीला हात घातला. त्याआधी नाही, कारण आता बाईंकडे गोळीखेरीज झोप आणणारं दुसरं काहीतरी होतं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची म्हणून दिव्याची वेळ पावणेबारालाच थांबवली आणि ५ मिलिग्रॅमची अर्धी गोळी सुरू केली. पहिल्या तीन रात्री वाईट गेल्या. या वेळी फरक एवढाच होता की त्या तशा जाणार हे आधीच सांगितलेलं होतं, वहीत लिहिलेलं होतं. आठवड्याची सरासरी ३०० मिनिटांवर घसरली, टक्का ८०. सहाव्या आठवड्यात ३३० मिनिटं आणि ८८ टक्के.

सातव्या आठवड्यात अर्धी गोळी फक्त चार रात्री, आठव्यात दोन रात्री. कोणत्या रात्री ते रविवारीच ठरवून कॅलेंडरवर खुणा केल्या. ‘झोप नाही लागली तर घेईन’ असं ठेवलं की माणूस अंथरुणात पडून गोळीची वाट बघत राहतो, आणि शेवटी घेतलीच तर मेंदूला पुन्हा तोच धडा मिळतो की तळमळलं की गोळी मिळते. ठरलेल्या रात्री झोप येत असली तरी घ्यायची, नसलेल्या रात्री काहीही झालं तरी नाही. नवव्या आठवड्यात शून्य.

ही गती बाईंच्या छोट्या मात्रेची आहे. बेन्झोडायझेपिन गटातली गोळी वर्षानुवर्षं किंवा मोठ्या मात्रेत घेणाऱ्याला महिने लागू शकतात, दर दोन आठवड्यांनी जास्तीत जास्त पाव हिस्सा, बहुधा त्याहून बराच कमी, आणि शेवटी आणखी सावकाश. एकदम बंद केल्यास हातापायांना कंप, घबराट, प्रसंगी आकडीसुद्धा येऊ शकते. हे वाचून कुणी स्वतःच्या मनाने आज रात्रीपासून गोळी सोडू नये. मात्रा कशी उतरवायची ते लिहून देणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवायचं.

गोळी सुटल्यावर पुन्हा पंधरा-पंधरा मिनिटांचा प्रवास सुरू झाला. तेराव्या आठवड्यात बाई अकराला दिवा मालवत होत्या, सहाला उठत होत्या, आणि सात तासांपैकी सव्वासहा तास झोपत होत्या. पुढे पावणेअकरा करून पाहिलं. झोप तेवढीच राहिली, वाढलेली पंधरा मिनिटं जागरणात गेली, आणि त्यांनी आपणहून अकराची वेळ परत घेतली. सव्वासहा तास ही त्यांच्या झोपेची भूक. आठ तासांचा आकडा त्यांनी कुठेतरी वाचला होता, आणि त्याच्यापायीच चार वर्षं दहाला दिवा मालवला जात होता.

सगळ्यांसाठी ही वाट नाही. मोठ्याने घोरणं, झोपेत श्वास अडखळणं, दिवसा बसल्या जागी डोळा लागणं असेल तर आधी श्वासाच्या विकाराची तपासणी हवी. संध्याकाळी पाय स्वस्थ बसू देत नसतील, थायरॉइडचं काम प्रमाणाबाहेर वाढलेलं असेल, नैराश्याने पहाटे जाग येत असेल तर त्यांचेही उपचार करावे लागतात. ज्यांना उन्माद-नैराश्याच्या लहरी येतात त्यांची झोप कापली तर उन्माद उसळू शकतो, आणि फेफरं असलेल्यांना आकडी येऊ शकते. झोपेत चालणाऱ्यांनी, आणि वाहन किंवा धोक्याची यंत्रं चालवून पोट भरणाऱ्यांनी, झोपेचा वेळ कापण्याचा भाग डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय करूच नये. शिवाय असेही लोक आहेत ज्यांनी सगळं नीट करूनही फरक पडत नाही. हा उपचार सगळ्यांना लागू पडत नाही. पण ज्यांना पडतो त्यांचा फायदा उपचार संपल्यावरही बहुधा टिकून राहतो, कारण त्यात शिकलेली गोष्ट त्यांच्याजवळ राहते.

बाईंच्या वहीत वर्षभराने पुन्हा एक खराब आठवडा आहे. मुलीचं बाळंतपण, पाच रात्री विस्कटलेल्या. दोन वाजताची जाग परत आली. सहाव्या दिवशी त्यांनी दिव्यापुढे अकराच्या जागी बारा लिहिलं, उठायची वेळ सहाच ठेवली आणि संध्याकाळी आडवं होणं टाळलं. दहाव्या दिवशीच्या रकान्यात मधलं जागरण : दहा मिनिटं.